दिल्या, तुझ्या पीपीएफ की एनपीएस या प्रश्नाचं उत्तर

नाशिक, १२ मार्च २०२६

प्रिय दिल्या,

परवा फोनवर गिऱ्हाईक आलं म्हणून तू मधेच ठेवलास आणि माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आज दुकान वाढवल्यावर निवांत लिहायला बसलोय. तुझा प्रश्न होता की म्हातारपणासाठी पीपीएफ घेऊ की एनपीएस. उत्तर लांबेल, पण शेवटपर्यंत वाच, कारण त्यातली एक गोष्ट याच महिन्यात करायची आहे.

आधी तुझ्याकडे आलेल्या त्या माणसाचं बोलणं बाजूला ठेव. तो म्हणाला ना, एनपीएसमध्ये दीड लाखाच्या वर आणखी पन्नास हजारांची टॅक्स सूट मिळते? ती सूट आहे हे खरं, पण जुन्या करपद्धतीत. तू रिटर्न नवीन पद्धतीत भरतोस, उलाढालीवर आठ टक्के नफा धरून, आणि तुझं उत्पन्न बसतं साडेसहा-सात लाख. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य झालाय. मग जो कर तुला लागतच नाही त्यात सूट कशाची घेणार? त्या सूटीपायी जुन्या पद्धतीत जाऊ नकोस, धंदेवाल्याला ये-जा सारखी करता येत नाही, जुनी निवडली की नवीनमध्ये परत यायची संधी एकदाच मिळते. तेव्हा टॅक्स हा मुद्दा तुझ्यापुरता काढूनच टाक.

आता मुद्द्याचं. नोकरदाराचा पगार एक तारखेला येतो, तुझं तसं नाही. जून-जुलैमध्ये छत्र्या, रेनकोट आणि शाळेचे युनिफॉर्म, नंतर दिवाळीला थोडं, आणि मधले महिने माशा मारायच्या. माझंही तेच, धनत्रयोदशी आणि लग्नसराई सोडली तर भांडी बाजारात दुपारी शुकशुकाट असतो, आणि कांद्याचा भाव पडला की निफाड-चांदवडकडची गिऱ्हाइकं लग्नाची भांडीसुद्धा निम्मीच घेतात. म्हणून आपण व्याज किती यापेक्षा दोन गोष्टी आधी बघायच्या, वाईट वर्षात ही योजना आपल्याला किती सांभाळून घेते आणि चांगल्या वर्षात किती पैसा आत घेते.

वाईट वर्षासाठी पीपीएफ चांगलं आहे. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरले की खातं चालू राहतं. पण ते ५०० विसरायचे नाहीत. मी विसरलो होतो. २०२०-२१ ला लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, डोक्यात हजार चिंता, एक रुपया भरला नाही. पुढच्या मे महिन्यात दादांना ॲडमिट केलं तेव्हा वाटलं पीपीएफमधून काढू, खातं २०१२ चं होतं, काढायचा हक्क होता. काउंटरवर कळलं की खातं खंडित झालंय आणि खंडित खात्यातून ना पैसे काढता येतात ना कर्ज मिळतं. चुकलेल्या वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड, एवढंच भरून ते चालू होतं, रक्कम काहीच नाही, पण त्या दिवसांत बाहेर पडणं म्हणजे काय होतं तुला माहितीये, तोपर्यंत साडूकडून उसने घेऊन बिल भरलं. तेव्हापासून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५०० टाकून मोकळा होतो आणि मग वर्षभर जमेल तसं भरतो.

भरायची तारीख मात्र सांभाळ. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. म्हणजे दीड लाख तू ४ तारखेला भरलेस तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, ७ तारखेला भरलेस तर त्या महिन्याचं गेलं. सध्याच्या ७.१ टक्क्यांनी हे जवळजवळ ८८७ रुपये होतात, तीन दिवसांच्या उशिरापायी. चेक देणार असशील तर तो वटेल ती तारीख धरतात म्हणून दोन-चार दिवस आधीच दे. हा ७.१ चा दर एप्रिल २०२० पासून तोच आहे, पण सरकार दर तीन महिन्यांनी तो ठरवतं, तेव्हा पंधरा वर्ष हाच राहील असं धरून हिशोब मांडू नकोस.

आता ती याच महिन्यातली गोष्ट. पीपीएफची पंधरा वर्ष खातं उघडलं त्या तारखेपासून मोजत नाहीत, ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यापासून मोजतात. तू ३१ मार्चच्या आत नुसते ५०० रुपये भरून उघडलंस तर मुदत ३१ मार्च २०४१ ला संपेल, तेव्हा तू एकोणसाठचा असशील. आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून एप्रिलमध्ये उघडलंस तर २०४२. पंधरा दिवसांच्या आळसात अख्खं एक वर्ष जातं रे, आणि नुसतं शेवटचंच नाही, मधे पैसे काढायचा हक्कही वर्षभर पुढे जातो.

तो हक्क कधी आणि किती, हे नीट समजून घे कारण इथेच लोक फसतात. समज तू आत्ता ५०० भरलेस, यंदाचा शाळेचा सीझन झाल्यावर ५ ऑगस्टच्या आत नव्वद हजार, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला दीड लाख. याच दराने मार्च २०२८ अखेर खात्यात साधारण २ लाख ५७ हजार होतील. पैसे काढायची मुभा तुला सातव्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल २०३१ पासून. पण तेव्हा जी शिल्लक असेल तिच्या निम्मे नाही मिळत. चार वर्षांपूर्वीच्या वर्षाअखेरची शिल्लक आणि मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, यातली जी कमी तिच्या निम्मे, तेही वर्षातून एकदाच. तुझ्यासाठी ती मार्च २०२८ ची शिल्लक धरणार, म्हणजे खात्यात तोवर पाच-सहा लाख जमले असले तरी हातात येणार सव्वा लाखाच्या थोडं वर. त्याआधी कर्ज मिळतं तिसऱ्या वर्षापासून, पण ते दोन वर्षांपूर्वीच्या शिलकेच्या पंचवीस टक्के. २०२७-२८ ला कर्ज मागितलंस तर हिशोबात धरणार आत्ताचे ५००, म्हणजे कर्ज सव्वाशे रुपये! म्हणून सांगतो, माल भरायचा पैसा आणि चार-पाच महिन्यांचा घरखर्च यात टाकूच नकोस, तो वेगळा एफडीत ठेव, आणि त्याच्या वर जे उरेल तेच इकडे. दुकानाच्या गल्ल्यातला पैसा पीपीएफमध्ये अडकवून मग सीझनला व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने उधारीवर माल उचलायचा, याला काही अर्थ नाही.

मग एनपीएस कुठे येतं? चांगल्या वर्षात. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही, जास्तीच्या रकमेवर व्याज मिळत नाही. आणि तुझं चांगलं वर्ष समोर दिसतंय. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या, ऐन पावसात, आणि तुझं दुकान स्टेशनपासून मुक्तिधामच्या रस्त्यावर. छत्र्या, रेनकोट, पिशव्या, किती खपेल बघ. समज खर्च जाऊन त्यातले चार लाख बाजूला पडले. दीड लाख सप्टेंबरमध्ये पीपीएफला टाक, दीड लाख एफडीत ठेवून ५ एप्रिल २०२८ च्या आत पीपीएफला टाक कारण तेव्हा नवीन वर्षाची मर्यादा सुरू झालेली असते, आणि उरलेला लाख एनपीएसला. तिथे वरची मर्यादा नाही, आणि वर्षाला हजार रुपये भरले तरी खातं चालू राहतं.

पण एनपीएस मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो, का ते सांगतो. तो पैसा शेअर बाजारात आणि बॉंडमध्ये जातो, वीस वर्षांत पीपीएफपेक्षा जास्त वाढू शकतो, पण साठीला बाजार पडलेला असेल तर थांबावं लागेल. मधे काढायचं म्हटलं तर स्वतः भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्के, तेही मुलांचं शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा ठराविक कारणांनाच. दिवाळीचा माल हे कारण त्यात नाही. आणि शेवटी जमा रक्कम मोठी असेल तर तिचा एक हिस्सा पेन्शन विकत घेण्यात घालावाच लागतो. आधी तो चाळीस टक्के होता, डिसेंबर २०२५ च्या नवीन नियमात आपल्यासारख्या बिगरसरकारी लोकांसाठी तो वीस टक्क्यांवर आलाय, पण आयकरात माफी साठ टक्क्यांचीच लिहिलेली आहे, म्हणून ऐंशी टक्के रोख मिळाले तरी सगळे करमुक्त असं धरू नकोस. पेन्शनवर कर लागतोच. पीपीएफचं मात्र मुद्दल, व्याज सगळं करमुक्त, नवीन पद्धतीतसुद्धा.

आणखी एक, हे फक्त तुलाच लिहितोय. तू मेव्हण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन आहेस ना? पीपीएफची शिल्लक कोर्टाच्या जप्तीत जात नाही, नियमातच तसं लिहिलंय. एफडी जाऊ शकते. वहिनींच्या डोक्यावरचं ओझं यानं थोडं कमी होईल, त्यांना सांग.

माझं म्हणशील तर माझी पंधरा वर्ष ३१ मार्च २०२७ ला संपतायत, बरोबर सिंहस्थाच्या तोंडावर. सगळे काढून तांब्या-गडू भरावेत असा मोह रोज होतो, गंगेचं पाणी न्यायला यात्रेकरू तेच घेतात. पण मी ठरवलंय, फॉर्म ४ भरून खातं पाच वर्ष वाढवायचं, भरणा चालू ठेवून. हा फॉर्म मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो, न देता पैसे भरत राहिलं तर त्या पैशांवर व्याज नाही. वाढवल्यावर पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकेच्या साठ टक्क्यांपर्यंत काढता येतं, माल भरायला लागलेच तर त्यातूनच घेईन, खातं मोडणार नाही.

तर तू असं कर. पाडवा गुरुवारी १९ ला आहे, त्या दिवशी बँक बंद, म्हणून बुधवारीच सकाळी जा. आधार, पॅन, फोटो आणि ५०० रुपये. नॉमिनीत वहिनींचं नाव तिथेच उभं राहून लिही, नंतर म्हणू नकोस. एनपीएसची घाई नाही, ते सिंहस्थाचा पैसा हातात आल्यावर उघडू, मी बरोबर येईन.

काकूंना नमस्कार. पासबुक हातात आलं की पहिल्या पानाचा फोटो पाठव, तारीख मला बघायचीये.

तुझा,
पक्या