दिग्याच्या छत्रीच्या दुकानाचं वर्ष

डोंबिवली (पूर्व)
8 फेब्रुवारी 2026

प्रिय दिग्या,

तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. काकांचं कोल्हापुरातलं महाद्वार रोडवरचं छत्र्या-रेनकोटचं दुकान तू चालवायला घेतलंस, बरं केलंस. तू विचारलंस, "जाहिरातीचं वर्षाचं कॅलेंडर कसं करायचं?" फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

एक गोष्ट डोक्यात पक्की कर. आपल्या धंद्यात तीन जातीच्या तारखा असतात आणि प्रत्येकीशी वेगळं वागावं लागतं. पहिल्या जातीच्या हलतच नाहीत: शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडते, आणि नक्षत्रं. मृग 7-8 जूनला, आर्द्रा 22 च्या आसपास, हस्त सप्टेंबरअखेर. ती सूर्यावर चालतात, म्हणून दरवर्षी तीच. दुसऱ्या जातीच्या तिथीवर चालतात. गेल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला होते, यंदा अधिक महिन्यामुळे 14 सप्टेंबरला आहेत. आषाढी 6 जुलैवरून 25 जुलैवर गेली. तिसरी तारीख पावसाची, ती कुणाच्याच हातात नाही. लोक गल्लत करतात ती इथे. पावसाची तारीख पहिल्या जातीची आहे असं समजून मे महिन्यातच सगळे पैसे लावून मोकळे होतात.

माझ्या शेजारच्या गल्लीतल्या एका दुकानदाराचं गेल्या वर्षी काय झालं ऐक. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून. त्या हिशेबाने त्याने 5 जूनपासून रिक्षावर भोंगा, पेपरात पत्रकं आणि स्टेशनबाहेर फलक असं सगळं ठरवून आगाऊ पैसे भरले. पाऊस 26 मे रोजी आला. त्या दिवशी त्याच्या दुकानात माल पुढे मांडलेलाही नव्हता. स्टेशनवर उतरलेली माणसं भिजत आली आणि जो दिसला त्याच्याकडून छत्री घेऊन गेली. पुढे गंमत अशी की मेअखेरीला मान्सून अडला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्यात पुढे सरकलाच नाही. त्यामुळे भोंगा फिरला तेव्हा डोक्यावर ऊन होतं. 2023 ला बरोबर उलटं घडलं. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ झालं, केरळात मान्सून 8 जूनला पोहोचला आणि मुंबईत यायला 25 तारीख उजाडली. केरळात आला की आठवड्याभरात आपल्याकडे, हे गणित म्हणूनच फार ताणू नये. गेल्या वर्षी ते अंतर दोनच दिवसांचं होतं, 2023 ला सतरा दिवसांचं.

मग करायचं काय? पैसे तारखेला न बांधता खुणेला बांधायचे. धर, हंगामात तुझी उलाढाल दहा लाखांची होईल आणि त्यातले चाळीस हजार तू जाहिरातीला काढलेस. मी असतो तर फेब्रुवारी ते एप्रिल सहा हजार, शाळेसाठी बारा हजार आणि गणपतीसाठी सहा हजार ठेवले असते. उरलेले सोळा हजार मोकळे, कुणालाही आगाऊ न दिलेले. ते सोडायची खूण एकच: हवामान खात्याने कोल्हापूर जिल्ह्याला दोन दिवस सलग पिवळा किंवा नारिंगी इशारा दिला, की त्याच संध्याकाळी पैसे सुटले पाहिजेत. त्यासाठी भोंग्याची रेकॉर्डिंग, फलकाचं डिझाइन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे फोटो मे उजाडायच्या आत तयार हवेत. रिक्षावाल्याशी नुसतं बोलून ठेवायचं, "फोन केला की दुसऱ्या दिवशी निघायचं." यासाठी तो थोडा जास्त दर मागेल. दे.

एप्रिलच्या मध्याला हवामान खातं पहिला अंदाज देतं, तो वाचून माल वाढवू नकोस. तो सगळ्या हंगामाच्या एकूण पावसाचा असतो, पाऊस कधी येणार हे तो सांगत नाही. आणि छत्री मिलिमीटरवर खपत नाही. रात्रभर धो धो कोसळून सकाळी उघडलं तर गल्ल्यात काही पडत नाही, पण संध्याकाळी साडेपाचला, ऑफिसं सुटताना अर्धा तास सर आली की दुकान भरतं. मेच्या मध्याला केरळातल्या आगमनाचा अंदाज येतो, तो मात्र बघ. त्यात चार दिवस इकडेतिकडे होऊ शकतात असं खातं स्वतःच सांगतं.

आता महिन्यांकडे येतो. आत्ताचा महिना जाहिरातीचा नाही, माळ्यावर चढायचा आहे. काकांचा शिल्लक माल उतरवून एकेक नग उघडून बघ, कारण काय जाहीर करायचं हे त्यावरच ठरतं. छत्री उघड, उजेडाकडे धरून कापडात सुईएवढी भोकं दिसतात का पाहा, मग काड्यांचे सांधे बोटाने चाचप. गंजाचा लाल ठिपका सांध्यावर असेल तर ती छत्री दोन वाऱ्यांत मोडणार. रेनकोट आतून उलटा कर. शिवणीवर आतल्या बाजूने पट्टी चिकटवलेली असते, ती नखाने खरवडून बघ. उचकटली किंवा आतला लेप पापुद्र्यासारखा निघाला, तर तो कोट कितीही नवा दिसू दे, पाणी आत घेणार. पीव्हीसीचे कोट घडीत एकमेकांना चिकटलेले असतील तर हळू सोडवून टाल्कम पावडर लाव आणि ते सगळ्यात आधी विक. छत्री वर्षभर कोरडी राहिली तर टिकते. पीव्हीसी टिकत नाही, म्हणून ती पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

मार्चमध्ये संस्थांच्या मागे लाग, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या एमआयडीसींतले कारखाने, सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, दूध टाकणारे, पेपर टाकणारे: यांना रेनकोट लागतातच. पण त्यांची खरेदी मंजुरीच्या वाटेने जाते. दर मागवणार, नमुना मागणार, कुणीतरी सही करणार. मेमध्ये गेलास तर ऑर्डर दुसऱ्याला गेलेली असते. दोन नमुने घेऊन जा, एक स्वस्त आणि एक शिवणीवर पट्टी मारलेला. दोन्ही बाहीवर बाटलीभर पाणी ओतून तिथल्या तिथे दाखव. छत्र्यांवर नाव छापून द्यायचं असेल तर छपाईला दोन-तीन आठवडे धरून चाल. या ऑर्डरींवर नफा थोडा असतो, पण आगाऊ रक्कम मिळते आणि तीच तुझी मे महिन्याची खरेदी उचलते. मालासाठी मुंबईला आलास तर अब्दुल रेहमान स्ट्रीटला बरोबर जाऊ. तिथे मार्चमध्ये भाव करता येतो, जूनमध्ये फक्त रांग लावता येते.

एप्रिल-मेमध्ये उन्हाची छत्री पुढे मांड, आतून चंदेरी लेपाची. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायका ती घेतात, आणि दुकानासमोरून जाणाऱ्याला इथे छत्र्या मिळतात हे पावसाआधीच कळतं. यंदा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. लग्नं नाहीत, पण जावयाला वाण द्यायचं असतं. लाकडी मुठीची चांगली लांब छत्री खोक्यात घालून "जावयासाठी" असा फलक लाव बघू. तुझ्या सासूबाई पहिल्या येतील.

शाळेचा जोर मात्र वेगळा असतो. तो पावसावर नाही, शाळेच्या तारखेवर चालतो. पाऊस नसला तरी आया पोरांना घेऊन येतात. गेल्या वर्षी 16 जूनला शाळा उघडल्या, त्याआधीच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे उभं राहायला जागा नव्हती. दप्तरासाठी मागे जागा असलेला कोट हवा असतो आणि एक माप मोठं घेतात, म्हणून मधली मापं आधी संपतात. त्यांची मागणी मेमध्येच जास्त नोंदव. कार्टूनचं चित्र असलेले कोट मात्र बेताने घे. पोरं पुढच्या वर्षी दुसऱ्याच चित्रावर गेलेली असतात, ते जुलैच्या मध्यापर्यंत खपले नाहीत तर कमी करून काढ. बाकी मालावर जूनमध्ये एक रुपयाही सूट देऊ नकोस. भिजलेला माणूस सूट विचारत नाही.

पेपरात पत्रकं टाकायची असतील तर शाळेआधीच टाक. पावसाळ्यात पेपर ओला होतो, पत्रक लगदा होऊन दारात पडतं आणि पैसे तुझे जातात.

जुलैत तुझ्याकडे माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे रोप लावण. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या बायका वाकून चिखलात काम करतात, त्यांना छत्रीचा उपयोग नाही. पाठीवर पसरणारं, पुढून मोकळं असं काहीतरी लागतं. इरलं आता क्वचित दिसतं, प्लास्टिकची खोळ असते. जाड प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी आणि गुडघ्यापर्यंतचे पॉन्चो घेऊन आठवडी बाजारात बस. तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, तोंडाने सांगावं लागतं.

त्याच महिन्यात दुकानाच्या पायरीवर एक दुरुस्तीवाला बसव. जागेचं भाडं घेऊ नकोस. जुलैत वाऱ्याने छत्र्या उलट्या होतात, काडीच्या टोकाशी शिवण सुटते. दहा-वीस रुपयांत ती शिवून मिळते म्हणून माणूस येतो, आणि शिवण्यालायक नसेल तर आत येऊन नवी घेतो. या महिन्यात कुठल्या छापाच्या छत्र्या दुरुस्तीला जास्त आल्या ते त्याला विचारून लिहून ठेव. पुढच्या मार्चमध्ये त्या घ्यायच्या नाहीत.

गणपती यंदा उशिरा, उत्तरा नक्षत्राच्या तोंडावर. आमच्याकडे चाकरमानी कोकणात निघताना कोट घेतात, ते मी बघतो. तू मंडळांच्या कार्यकर्त्यांना एका रंगाचे विंडचीटर सुचव, पण ऑगस्टच्या सुरुवातीलाच जाऊन. गणपती झाले की शिल्लक पीव्हीसी खरेदीच्या भावात काढ. छत्र्यांना हात लावू नकोस, हस्ताचा पाऊस असतो. दिवाळीच्या तोंडावर त्या सुकवून, उभ्या, कोरड्या जागी टांगून ठेव.

काकांची गेल्या तीन वर्षांची बिलबुकं सापडली तर मे ते सप्टेंबरची पानं फोटो काढून पाठव. कुठल्या दिवशी किती नग गेले आणि त्या दिवशी पाऊस कधी पडला, हे दोन रकाने शेजारी मांडले की तुझ्या रस्त्यावरची गर्दी कुठल्या वेळेला वळते ते कळेल. इथलं माझं गणित स्टेशनवर चालतं, तुझं अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांवर चालणार.

काकूंना नमस्कार सांग. शिवरात्र झाली की ये, मी शुक्रवारी मोकळा असतो.

तुझा,
सुध्या

ता. क. साध्या काळ्या लांब छत्र्या दोन डझन तरी ठेव. आजोबा मंडळी तीन घडीची छत्री हातात घेतात, बघतात आणि परत देतात. त्यांना टेकायला काठीही हवी असते.