भागवत सप्ताहाच्या देयकातील वाढीव आकारणी व सेवेतील त्रुटींबाबत तक्रार

वाई, जि. सातारा
दिनांक : १४ ऑगस्ट २०२३

प्रति,
मा. व्यवस्थापक,
धार्मिक समारंभ विभाग, पुणे कार्यालय

विषय : २४ ते ३० जुलै २०२३ या काळात आमच्या घरी झालेल्या श्रीमद्भागवत सप्ताहाच्या देयकातील दुरुस्तीबाबत.

महोदय,

अधिक श्रावणात घरी भागवत सप्ताह व्हावा, ही माझ्या ८१ वर्षांच्या आईची अनेक वर्षांची इच्छा होती. त्यासाठी भोजन, मांडव, पूजासाहित्य आणि पाहुण्यांचा मुक्काम ही चारही कामे आम्ही आपल्या कंपनीकडे सोपवली. सप्ताह यथासांग पार पडला. त्यानंतर आपण पाठवलेले ४,३१,५०० रुपयांचे देयक मात्र आम्हांला मान्य नाही, आणि त्याची कारणे मी या पत्रात सविस्तर मांडत आहे.

भागवताच्या सप्ताहात पोथी कोणत्या दिवशी कुठवर न्यायची हे परंपरेने ठरलेले असते. पहिल्या दिवशी मनू-कर्दम संवाद, दुसऱ्या दिवशी भरताख्यान, तिसऱ्या दिवशी सातव्या स्कंधाची समाप्ती, चौथ्या दिवशी कृष्णजन्म, पाचव्या दिवशी रुक्मिणीविवाह, सहाव्या दिवशी हंसाख्यान आणि सातव्या दिवशी पूर्ती, असा तो क्रम आहे. ऐकायला येणाऱ्यांची संख्याही या क्रमानेच बदलते. पहिले तीन दिवस घरची माणसे आणि शेजारी असतात, कृष्णजन्माच्या पाळण्याला व रुक्मिणी स्वयंवराला गाव लोटते, आणि पूर्णाहुतीच्या महाप्रसादाला सर्व आप्तेष्ट येतात. म्हणून सप्ताहाचा खर्च सात दिवसांना एकच आकडा लावून काढता येत नाही. तो दिवसवार काढावा लागतो. आम्ही तसाच काढला आणि १२ जूनच्या ईमेलसोबत दिवसवार तक्ता आपल्याकडे पाठवला. १५ जूनच्या उत्तरात आपण तो दरांसह मान्य केला.

त्या तक्त्यानुसार पहिले तीन दिवस रोज ४५, चौथ्या दिवशी १२० व पाचव्या दिवशी १५० ताटे सायंकाळच्या निरूपणानंतर वाढायची होती, आणि सातव्या दिवशी दुपारी महाप्रसादाची ३०० ताटे होती. सहावा दिवस म्हणजे शनिवार, २९ जुलै. त्या दिवशी अधिक मासातील पद्मिनी एकादशी असल्यामुळे ताटांऐवजी ६० जणांचा उपवासाचा फराळ सांगितला होता. करांसह ताटाचा दर २२० रुपये आणि फराळाचा दर १४० रुपये ठरला होता. दुपारचे घरच्यांचे जेवण आम्ही स्वतः करणार होतो, त्यामुळे त्याचा या हिशेबाशी संबंध नाही.

देयकात मात्र पहिल्या सहा दिवसांना सरसकट १५० ताटे लावून, त्यात शेवटच्या दिवसाची ३०० मिळवून, १,२०० ताटांचे २,६४,००० रुपये आकारले आहेत. विचारणा केल्यावर 'किमान १५० ताटे' या अटीकडे बोट दाखवण्यात आले. ही अट आपल्या छापील माहितीपत्रकात आहे. आपण पाठवलेल्या दरपत्रकात किंवा १५ जूनच्या मान्यतेत तिचा उल्लेख नाही. ती लागू करायची होती, तर ४५ ताटांचा तक्ता मान्य करण्यापूर्वीच तसे सांगणे आवश्यक होते. आम्ही पहिल्या तीन दिवसांसाठी गावातल्याच आचाऱ्याला बोलावले असते.

शिवाय १५० जणांचा स्वयंपाक प्रत्यक्षात झालेलाच नाही. सोमवारी आपल्या माणसांनी भरपूर अन्न केले, त्यातले निम्म्याहून अधिक उरले आणि रात्री साडेनऊ वाजता आम्हांला ते जवळच्या वसतिगृहात पोहोचवावे लागले. मंगळवार व बुधवारी मात्र रोज पाच किलोच तांदूळ शिजवले गेले. पोळ्या असताना माणशी ८० ते १०० ग्रॅम तांदूळ लागतो, म्हणजे हा भात पन्नास-साठ माणसांचा झाला. दीडशे जणांना तो किमान बारा किलो लागला असता. आपल्या आचाऱ्यांनी समोरची माणसे पाहून योग्य अंदाज घेतला, याबद्दल माझी तक्रार नाही. जे अन्न शिजलेच नाही त्याचे पैसे मागितले गेले, ही तक्रार आहे.

ताटांची मोजणी आम्ही पत्रावळींवरून ठेवली होती. गठ्ठे शंभराचे होते, रोज उघडलेल्या गठ्ठ्यांतून उरलेल्या पत्रावळी वजा केल्या की वाढलेली ताटे निघतात, आणि त्या वहीवर रोज रात्री आपल्या पर्यवेक्षकांनीही सही केली आहे. पहिल्या तीन दिवसांत अनुक्रमे ४७, ४३ व ४८, चौथ्या दिवशी १२६, पाचव्या दिवशी १४३ आणि सातव्या दिवशी ३१२, अशी एकूण ७१९ ताटे झाली. त्यांचे १,५८,१८० रुपये आम्ही देणे लागतो. तक्त्यापेक्षा जास्त लागलेल्या ताटांचे पैसेही त्यात धरलेले आहेत.

एकादशीबद्दल लिहिताना मला आजही वाईट वाटते. शनिवारी दुपारी चार वाजता निरूपण सुरू होत असताना मागच्या अंगणात तांदूळ धुतले जात असल्याचे माझ्या बहिणीच्या लक्षात आले. आचाऱ्यांच्या हातातल्या कागदावर 'दिवस ६ : साधे ताट' असे लिहिलेले होते, म्हणजे चूक त्यांची नव्हती, कार्यालयातून गेलेल्या कागदाची होती. साडेसात वाजता साठ उपवासाची माणसे पंगतीला बसणार होती. साबुदाणा भिजायला चार-पाच तास हवेत, त्यामुळे खिचडी तेव्हा शक्यच नव्हती. शेवटी गावातल्या एका महिला बचत गटाने वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस वेळेत करून दिला. त्या भगिनींचे आमच्यावर ऋण आहे. त्यांना आम्ही ९,६०० रुपये दिले. ठरलेल्या दराने हाच फराळ ८,४०० रुपयांत मिळाला असता, म्हणून वरच्या १,२०० रुपयांचीच मागणी करत आहे. त्या सायंकाळी न वाढलेल्या १५० ताटांची आकारणी मात्र देयकात आहे, ती अर्थातच रद्द व्हावी.

पूजासाहित्याची यादी गुरुजींनी स्वतः लिहून दिली होती आणि तिच्याखाली एक सूचना ठळक अक्षरांत होती. समाप्तीचा दिवस रविवार आणि द्वादशी असा दोन्ही होता. या दोन्ही दिवशी तुळस तोडत नाहीत आणि आमच्या घरी एकादशीलाही तोडत नाहीत, म्हणून समाप्तीची तुळस शुक्रवारीच आणून ओल्या फडक्यात ठेवावी, असे त्यांनी लिहिले होते. तुळस शिळी होत नाही, असा शास्त्रार्थ असल्यामुळे त्यात अडचण काहीच नव्हती. तरीही आपल्या माणसाने रविवारी पहाटे तोडलेली तुळस करंडीभर आणली आणि गुरुजींनी ती घेतली नाही. शेजारच्या दोन घरांत आधीच काढून ठेवलेली थोडी तुळस होती, तीवर पूजा झाली. सहस्र तुळशीदले वाहण्याचा आईचा संकल्प मात्र अपुरा राहिला. याची किंमत रुपयांत सांगता येत नाही, आणि मी ती मागतही नाही. पण कार्यालयात ती यादी कोणी वाचली होती की नाही, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

त्याच यादीत हवनासाठी व पायसासाठी दोन किलो गाईचे तूप होते. आलेल्या डब्यांवर 'फक्त पूजेसाठी, खाण्यासाठी नाही' असे बारीक अक्षरांत छापलेले होते. हेच तूप पायसात पडले असते तर प्रसाद म्हणून लोकांच्या पोटात गेले असते. गुरुजींना वासावरून शंका आली म्हणून लेबल वाचले गेले. ऐनवेळी दोन किलो तूप १,४०० रुपयांना आणावे लागले, ती रक्कम १८,५०० रुपयांच्या साहित्यखर्चातून वजा करावी.

मुक्कामाची व्यवस्थाही तक्त्याशी जुळणारी नव्हती. निरूपणकार, त्यांचे सहकारी आणि दूरचे वयस्कर नातेवाईक यांच्यासाठी तीन खोल्या रविवार, २३ जुलैपासून सात रात्रींसाठी सांगितल्या होत्या. बाकीचे पाहुणे कृष्णजन्मासाठी येणार असल्याने पाच खोल्या बुधवार सायंकाळपासून चार रात्रींसाठी होत्या. असा एकूण ४१ खोली-रात्रींचा हिशेब १,५०० रुपये दराने होतो. देयकात आठही खोल्या सात रात्री, म्हणजे ५६ खोली-रात्रींचे ८४,००० रुपये लावले आहेत. पाच खोल्या पहिल्या तीन रात्री आम्ही मागितल्याही नव्हत्या आणि त्यांत कोणी राहिलेही नाही. उलट शुक्रवारी व शनिवारी, मोहरमच्या सुट्टीला जोडून पाचगणीकडे जाणाऱ्यांची गर्दी असताना, आठांपैकी दोन खोल्या आगाऊ रक्कम पोहोचली नाही म्हणून लॉजने दुसऱ्यांना दिल्या. इंदूरहून आलेली माझी मावशी आणि तिची मुले दोन रात्री आमच्या माजघरात झोपली. प्रत्यक्ष मिळालेल्या ३७ खोली-रात्रींचे ५५,५०० रुपयेच आम्ही देणे लागतो.

मांडवाबद्दल मात्र समाधान नोंदवतो. जुलैच्या पावसात अंगणात कापडी मांडव टिकला नसता. आपण पत्र्याचे छत घातले, पन्हळीचे पाणी बाहेर काढायला चर खणला आणि व्यासपीठाची बाजू उंच ठेवली, त्यामुळे सातही दिवसांत पोथीवर एक थेंब आला नाही. त्याचे ६५,००० रुपये पूर्ण मान्य आहेत.

यानुसार भोजनाचे १,५६,९८०, मुक्कामाचे ५५,५००, मांडवाचे ६५,००० आणि साहित्याचे १७,१०० असे एकूण २,९४,५८० रुपये होतात. त्यांपैकी २,५०,००० रुपये आगाऊ दिलेले आहेत. उरलेले ४४,५८० रुपये सुधारित देयक मिळाल्यापासून तीन दिवसांत मी जमा करीन. १२ व १५ जूनचे ईमेल, सह्यांची वही, तुपाच्या डब्याचे छायाचित्र, लॉजच्या नोंदवहीतील उतारा आणि बचत गटाची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सुधारित देयक आणि तुळशीच्या सूचनेबाबतचे लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सातारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल. दरम्यान १,८१,५०० रुपयांच्या थकबाकीसाठी आपल्या वसुली विभागाकडून आईच्या दूरध्वनीवर येणारे फोन त्वरित थांबवावेत आणि यापुढचा सर्व पत्रव्यवहार माझ्याशीच करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)