ताबा दिनांकाचे साल वाचता येईना: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. करारनामे टाइप करणे, त्यांच्या प्रती काढणे हेच माझे रोजचे काम. नोंदणी विभाग तुमच्या खात्याखाली येतो, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

काही महिन्यांपूर्वी शिवणकाम करणारे एक जोडपे दुकानात आले. त्यांच्या फ्लॅटच्या करारनाम्याची पाने मोबाइलवर फोटो काढून मुलाने पाठवली होती. बिल्डर म्हणत होता, ताबा डिसेंबर २०२३ मध्ये द्यायचा ठरला होता. यांना आठवत होते डिसेंबर २०२२. प्रत्यक्ष ताबा मिळाला जानेवारी २०२४ मध्ये. "ताई, एवढं साल वाचून सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे.

मी फोटो मोठा केला. एकाच परिच्छेदात अख्खे पान भरलेले, अक्षरे मुंगीएवढी, आणि सालाच्या शेवटच्या आकड्यावरून एक काळी उभी रेघ गेलेली. रेघेखाली २ आणि ३ सारखेच दिसतात. त्याच वाक्यात पुढे "कलम ९.४ च्या अधीन राहून" असे होते, पण तो ४ होता की १, तेही कळेना. मोबाइलवरून साधा फोटो पाठवला की तो आकुंचित होतो आणि बारीक टिंबे आधी जातात. मराठीत टिंब गेले म्हणजे अनुस्वार गेला, दशांशचिन्हही गेले. दीड टक्का पंधरा टक्के वाचला जातो.

मी त्यांना कागदाची प्रत आणायला सांगितली. रेघ तिच्यावरही होती, प्रत्येक पानावर डाव्या कडेपासून अगदी तेवढ्याच अंतरावर. हे ओळखायला सोपे आहे. पाने मशीनच्या वरच्या फीडरमधून सरकवली की ती काचेच्या एका अरुंद पट्टीवरून जातात. त्या पट्टीवर व्हाइटनरचा किंवा गोंदाचा एक कण चिकटला, की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ उमटते. तेच पान मोठ्या काचेवर ठेवून काढले की रेघ येत नाही. यांची प्रत मात्र मुळातच रेघेची होती. तिच्यावरून कितीही प्रती काढल्या तरी हरवलेला आकडा परत येणार नव्हता.

त्या एका आकड्यावर किती अवलंबून होते ते सांगते. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही आणि घेणारा व्यवहारात राहिला, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्याला मिळते. यांनी १८ लाख भरले होते. दर दहा टक्के धरला तरी वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. शिलाई मशीनवर हे पैसे मिळवायला किती दिवस लागतात, ते त्या बाईंनी मला सांगितले.

शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली. मुख्य करार थेट प्रिंट काढून दाखल केलेला होता, त्यामुळे पान स्वच्छ निघाले. साल २०२२ होते. पण त्याच नकलेतली परिशिष्टे पाहून मला धक्का बसला. मंजूर नकाशा ए१ आकाराच्या कागदावरून ए४ वर आणलेला होता. म्हणजे लांबी-रुंदी जवळपास एक तृतीयांश, आणि ३ मिलिमीटरचे अक्षर १ मिलिमीटरचे. तीही झेरॉक्सची झेरॉक्स. खोल्यांची मापे म्हणजे नुसते डाग. सरकारच्या कायमच्या अभिलेखातच ती वाचता येत नाहीत, मग या माणसांनी दाद मागायची कशाच्या आधारावर?

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० मध्ये खाडाखोड किंवा कोरी जागा असलेला, आणि त्यावर पक्षकारांनी सही न केलेला दस्त नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. पान वाचता येते का, याबद्दल मात्र त्या कलमात काही नाही. कलम ६९ प्रमाणे नोंदणी महानिरीक्षकांना नियम करता येतात आणि त्यांना मंजुरी राज्य सरकार देते. तेव्हा हे तुमच्या हातात आहे.

माझी पहिली विनंती अशी, की रक्कम जशी आपण अंकी आणि अक्षरी लिहितो, तसा ताबा दिनांकही दोन्ही प्रकारे लिहिणे सक्तीचे करा. "दोन हजार बावीस" या शब्दांवरून रेघ गेली तरी साल कळते. नकाशा निदान ए३ वर, मूळ प्रतीवरून काढलेला घ्या. आणि स्कॅन झाल्यावर, पक्षकार अजून खिडकीशी उभे असतानाच, परिशिष्टांसह पाने त्यांना पडद्यावर दाखवा. न वाचता येणारे पान तिथल्या तिथे बदलता येईल.

ते जोडपे आता व्याजासाठी अर्ज करणार आहे. तो मीच टाइप करते आहे, आणि त्यात ताबा दिनांक अक्षरी लिहिला आहे.

आपली,
नागपूरची एक टंकलेखिका