जुना फोन देण्याआधी : आधी खातं काढा, मग रीसेट

सभासदहो, पहिल्यांदाच जुना फोन बदलून देणाऱ्यांसाठी ही सूचना.

बॅकअप घेतला असेलच, असं धरतो. घोटाळा होतो तो क्रमात. बटणं दाबून रिकव्हरी मेनूतून थेट रीसेट केलं, तर फोन रिकामा होतो, पण सुरू होताना जुनं गूगल खातं किंवा जुना पिन मागतो. चोरीविरुद्धचं हे कुलूप असल्याने दुकानदार असा फोन घेत नाही. म्हणून आधी सेटिंग्जमधून प्रत्येक खातं काढा, मगच तिथूनच फॅक्टरी रीसेट करा. आयफोनवर ‘Find My’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करा, त्यासाठी ॲपल खात्याचा पासवर्ड लागतो; मग ‘Erase All Content and Settings’.

रीसेटआधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा साठवण्याची सोय, चालू आहे ना, तेही पाहा. हल्लीच्या फोनवर ते असतंच. रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते, त्यामुळे उरलेला डेटा वाचता येत नाही. फार जुन्या फोनवर ते बंद असेल, तर आधी चालू करा. वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा.

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या (कार्ड हमखास विसरतं!).

शेवटी फोन सुरू करून वायफाय जोडा. जुनं खातं मागितलं, तर कुलूप अजून आहे: लॉगिन करा, खातं काढा, पुन्हा रीसेट.