सूचना : इमर्जन्सी बल्ब कुठे लावावा

सभासदांनो, वीज गेल्यावर आपोआप पेटणारा चार्जिंगचा एलईडी बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर लावू नका. तिथे वीज गेली तरी इन्व्हर्टरचा पुरवठा चालूच असतो, त्यामुळे बल्बला वीज गेल्याचं कळतच नाही. उलट इन्व्हर्टरची बॅटरी खर्चून तो स्वतः चार्ज होत राहतो. आमच्या हॉलमध्ये असंच झालं होतं. इन्व्हर्टर पूर्ण उतरल्यावर तो बल्ब पेटला, आणि तेव्हा जिना मात्र काळोखात होता. आता तोच बल्ब जिन्यात, साध्या लाइनवर आहे.

इन्व्हर्टर नसलेली बाथरूम किंवा जिना ही त्याची खरी जागा. दिवा रोज काही तास लागतो असाच होल्डर निवडा, कारण बटण बंद असताना तो चार्ज होत नाही. बंद काचेच्या गोळ्यात मात्र नको, उष्णतेने आतली बॅटरी लवकर खराब होते.

लावल्यावर बल्बचं बटण चालू ठेवून मेन स्विच पाडा. बल्ब पेटला पाहिजे, आणि बटण बंद केल्यावर विझला पाहिजे. विझला नाही, तर त्याच बटणावर आणखी दिवे जोडलेले आहेत का ते आधी बघा.