खोक्यावरचे चाळीस तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने राजारामपुरीतल्या एका दुकानातून इअरबड्स घेतले. खोक्यावर ठळक छापलेलं, ‘४० तास’. त्याच आठवड्यात मुंबईच्या बसमध्ये बसला आणि खेड-शिवापूर यायच्या आत दोन्ही कान बंद! साडेचार तास. “मामा, दुकानदारानं गंडवलं,” असा त्याचा फोन आला. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला माणूस, म्हणून खोकं मागवून घेतलं.

दुकानदाराचा दोष नव्हता. ४० तास हा डबीसकटचा हिशेब. कानात एका चार्जिंगवर ८ तास आणि डबीतून आणखी चार वेळा चार्ज. खालच्या तळटीपेत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं : आवाज ५० टक्के, नॉइज कॅन्सलिंग बंद. कंपन्या बहुधा असंच मोजतात. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करायची, खोलीत ठेवून एकसारखं गाणं लावायचं आणि बंद पडेपर्यंतचे तास मोजायचे. मीही घरी तसंच करून बघितलं, पावणेआठ तास चालले. म्हणजे आकडा खोटा नाही, फक्त तो बसमधला नाही.

एकेका बडमध्ये ४० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी. ८ तास चालवायची तर सरासरी ५ मिलिअँपिअरच खर्चता येतात. नॉइज कॅन्सलिंग लावलं की बाहेरचे मायक्रोफोन सतत जागे राहतात आणि आतली चिप इंजिनाच्या घरघरीला उलटी लाट तयार करत बसते. गाणं थांबवलं तरी हे काम थांबत नाही. त्याला २ मिलिअँपिअर धरले, तर बेरीज ७ होते आणि आठाचे पावणेसहा तास उरतात.

आवाजाचं गणित जास्त फसवं आहे. निम्म्या आवाजावर स्पीकर फारच थोडी वीज खातो, बाकीची ब्लूटूथ आणि चिपला जाते. पण दर ३ डेसिबलला स्पीकरची वीज दुप्पट होते, १० डेसिबलला दहापट. त्यामुळे फोनवरच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्याच महागात पडतात. भाचा जवळजवळ पूर्ण आवाजावर ऐकत होता. त्याचे आणखी २ धरा, एकूण ९. चाळीसला नऊनं भागा, साडेचार तासांच्या आसपासच येतं. (कानांचं काय होतं ते वेगळंच, नॉइज कॅन्सलिंग चालू असताना एवढा आवाज लागतच नाही, हे त्याला दोनदा सांगून झालंय.)

माझी तक्रार एवढीच की नॉइज कॅन्सलिंग हेच ज्या मालाचं मुख्य आकर्षण म्हणून विकलं जातं, त्याचे तास ते बंद ठेवून मोजलेले का छापतात? चालू असतानाचा एका चार्जिंगचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत समोर हवा. तोवर गिऱ्हाइकानं दुकानातच तळटीप वाचून घ्यावी. मला त्यासाठी भिंग लागलं.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर