वैद्य मॅडम, त्या एका पानाच्या लेटरसाठी थँक्यू

मॅडम, नमस्कार. मेसेज करणारच होते पण म्हटलं सगळ्यांना वाचता येईल असंच लिहावं, कारण पंचकर्मासाठी रजा मागताना बऱ्याच जणांची हीच पंचाईत होते.

माझ्या अंगावर पित्त उठायचं हे सरांना माहीत होतं, पण विरेचनासाठी तीन आठवडे म्हटल्यावर ते हसलेच, "जुलाबाच्या औषधाला तीन आठवडे? शनिवारी रात्री घे आणि सोमवारी ये की!" आणि वर, शरीरातले टॉक्सिन काढायला लिव्हर-किडनी आहेत ना. आता यावर मी काय बोलणार, ते काही चुकीचं नव्हतं.

तुम्ही लेटरमध्ये डिटॉक्स हा शब्दच घातला नाहीत. नुसतं लिहिलंत की जुलाबाचा दिवस एकच, बाकी दिवस त्याच्या आधीच्या तयारीचे आणि नंतरच्या पथ्याचे. सुरुवातीचे पाचनाच्या औषधांचे दिवस ऑफिसला यायला हरकत नाही. मग रोज सकाळी उपाशीपोटी औषधी तूप, ३० मिलीपासून वाढवत, तीन ते सात दिवस, किती ते शरीरात तूप मुरल्याची लक्षणं बघून ठरणार, म्हणून तारीख आधी पक्की सांगता येत नाही (सरांचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच होता, तारीख का नाही!). तेव्हा कडकडून भूक लागेपर्यंत खायचं नाही, गरम पाणीच प्यायचं, एसी आणि प्रवास नको, त्यामुळे घरून थोडं काम जमेल. पुढे तीन दिवस मसाज आणि वाफ, मग विरेचन, त्या दिवशी फोनसुद्धा नाही. नंतर पेज, मग घट्ट भात, मग मुगाचं कढण असं हळूहळू जेवणावर यायचं, कारण लगेच मिसळ हाणली तर पचतच नाही, आणि अशक्तपणा असतोच.

हे वाचून सर म्हणाले, अच्छा, म्हणजे पूर्ण रजा थोडीच, बाकी वर्क फ्रॉम होम. पंचकर्मावर विश्वास बसला नाही त्यांचा, पण रजा सही झाली. खाली तुमचा रजिस्ट्रेशन नंबर होता त्यामुळे एचआरनेही काही विचारलं नाही.

तुपाच्या तिसऱ्या दिवशी वासानेच मळमळायला लागलं तेव्हा तुम्ही डोस तिथेच थांबवलात, ओढूनताणून वाढवला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. आणि विरेचनाच्या आधी रक्त तपासून, बीपी बघून, चक्कर आली किंवा लघवी कमी झाली तर घरी न थांबता कळवायचं हे आईला बजावलंत तेही.

खाज बरीच कमी आहे, ॲलर्जीची गोळी अधूनमधून लागते, परत उठू शकतं हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

आता टीममधल्या एकाला मार्चमध्ये वमन करायचंय आणि तो माझंच लेटर मागतोय. त्याला सांगितलंय, वमनाचं वेळापत्रक वेगळं असतं, तू आधी मॅडमना नाडी दाखव.